चिखलावर बंदर कसं उभं राहतं? खाजणातलं पाणी काढून जमीन घट्ट करण्याची पद्धत

निफाड किंवा दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून निघालेला द्राक्षांचा रीफर कंटेनर जवळपास २०० किलोमीटरचा प्रवास करून उरणजवळच्या जेएनपीए बंदरात, म्हणजे आपल्या न्हावा-शेव्यात पोहोचतो. तिथे जहाजाची वाट बघत कंटेनरवर कंटेनर रचून ठेवलेले असतात. मालाने भरलेला ४० फुटी कंटेनर ३० टनांपर्यंत जातो आणि त्याच्याखाली साधारण ३० चौरस मीटर जागा असते. म्हणजे एका कंटेनरचा प्रत्येक चौरस मीटरवर १ टन भार. चार कंटेनर एकावर एक रचले, की ४ टन.

आता गंमत अशी, की हा भार जिथे पडतो तिथला बराचसा भाग पूर्वी जमीन नव्हताच. ती होती खाडी आणि खाजण. भरतीला पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल. त्यात पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत आत जातो. तिथून जवळच उलव्यात नवी मुंबई विमानतळ उभा राहिला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली. त्या जागेचा मोठा भागही असाच दलदलीचा होता.

मग हा चिखल गेला कुठे? उत्तर असं, की तो कुठेही गेला नाही. तो अजून तिथेच आहे. फक्त त्याच्यातलं पाणी बाहेर काढलंय. ते कसं, हे समजून घेऊ.

रोलर फिरवून काम का भागत नाही?

नाशिकमध्ये रस्त्याचं काम बघितलं असेल, तर मुरूम पसरणं, त्यावर टँकरने पाणी मारणं आणि मग व्हायब्रेटरी रोलर फिरवणं हे ओळखीचं आहे. याला म्हणतात कॉम्पॅक्शन. भुसभुशीत मुरमात दगड-मातीच्या कणांमध्ये हवा असते. रोलरच्या दणक्याने ती हवा निघून जाते आणि कण एकमेकांजवळ येतात. हवा सहज पळते, त्यामुळे रोलरच्या काही फेऱ्यांमध्ये काम होतं.

खाजणातल्या चिकणमातीत, जिला इंजिनिअर ‘मरीन क्ले’ म्हणतात, हवा नसतेच. कणांमधली सगळी जागा पाण्याने भरलेली असते. पाणी दाबलं जात नाही, ते बाहेरच काढावं लागतं. आणि या मातीचे कण इतके बारीक असतात, की पाण्याला निघायला वाटच मिळत नाही. अशा मातीवर रोलर चढवला तर ती रबरासारखी एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला फुगते. शिवाय रोलरच रुतून बसतो. मोठं वजन उंचावरून पुन्हा पुन्हा आपटण्याची एक पद्धतही आहे. ती वाळूत उत्तम चालते, पण ओल्या चिकणमातीत आपटून पाणी निघत नाही.

इथे लागतो सावकाश, सतत दिलेला दाब. श्रीखंडासाठी चक्का करताना दही फडक्यात बांधतात आणि त्यावर वजन ठेवतात. ते वजन कितीही जोरात आपटलं तरी चक्का पाच मिनिटांत होत नाही. वजन ठेवून थांबावं लागतं. जमिनीच्या बाबतीत या प्रक्रियेला कॉन्सॉलिडेशन म्हणतात, आणि ती किती वेळ घेते याचं गणित कार्ल टेर्झागी यांनी १९२५ मध्ये मांडलं.

८५ वर्षं की ८ महिने?

खरी अडचण आहे वेळेची. एक साधं उदाहरण घेऊ. हे आकडे कुठल्या एका प्रकल्पाचे नाहीत, पण अशा मातीत सहज आढळतील असे आहेत.

समजा १० मीटर जाडीचा मरीन क्लेचा थर आहे आणि त्याखाली पक्का खडक. वरून मुरमाचा भराव टाकून दाब दिला. खाली खडक असल्याने पाण्याला फक्त वरच निघता येतं, त्यामुळे तळाच्या पाण्याला १० मीटर चढून यावं लागतं. माती किती पटकन पाणी सोडते हे दाखवणारा एक गुणांक प्रयोगशाळेत काढतात. तो वर्षाला १ चौरस मीटर धरला, तर एकूण खचण्यापैकी ९० टक्के खचून व्हायला लागतात जवळपास ८५ वर्षं!

टेर्झागींच्या गणितातली महत्त्वाची गोष्ट अशी, की लागणारा वेळ पाण्याच्या वाटेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाट दुप्पट झाली तर वेळ चौपट. आणि हेच उलटंही खरं आहे. वाट निम्मी केली तर वेळ एक चतुर्थांश.

म्हणजे माती बदलायची गरज नाही, पाण्याची वाट छोटी केली की झालं. त्यासाठी चिखलात ठरावीक अंतरावर उभ्या पट्ट्या घालतात. यांना पीव्हीडी किंवा बँड ड्रेन म्हणतात. दोन पट्ट्यांमध्ये १ मीटर अंतर ठेवलं, तर पाण्याच्या कुठल्याही थेंबाला जवळच्या पट्टीपर्यंत जायला साधारण अर्धा-पाऊण मीटरच सरकावं लागतं. पट्टीत शिरला की तो सरळ वर येतो. त्याच मातीत, त्याच दाबाखाली, ८५ वर्षांचं काम सुमारे ८ महिन्यांत होतं.

अंतराचा हिशोब किती नाजूक असतो तेही बघा. १ मीटरऐवजी दीड मीटरवर पट्ट्या घातल्या, तर पट्ट्यांची संख्या निम्म्याहून कमी होते आणि पैसे वाचतात. पण ८ महिन्यांचे जवळपास २१ महिने होतात.

ही पट्टी असते कशी आणि आत जाते कशी?

पट्टी दिसायला अगदी साधी असते. १० सेंटिमीटर रुंद आणि ३ ते ५ मिलिमीटर जाड. आत खाचा असलेली प्लास्टिकची पट्टी आणि तिच्याभोवती न विणलेल्या कापडाचं आवरण. कापडातून पाणी आत येतं, माती बाहेर राहते आणि खाचांमधून पाणी वर चढतं. सुरुवातीच्या काळात स्वीडनमध्ये वॉल्टर शेलमान यांनी अशा पट्ट्या चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या.

कामाचा क्रम असा. आधी चिखलावर वाळूचा जाडसर थर पसरतात. यंत्रं त्यावर उभी राहतात आणि पट्ट्यांमधून वर आलेलं पाणी याच थरातून बाजूला वाहून जातं. मग पोकलेनवर बसवलेल्या उंच मनोऱ्यातून एक पोकळ लोखंडी नळी जमिनीत दाबतात. पट्टी या नळीच्या आत असते आणि तिच्या टोकाला एक छोटी लोखंडी पट्टी अडकवलेली असते. नळी कठीण थरापर्यंत गेली की ती वर ओढतात. टोकाचं लोखंड खालीच अडकतं, त्यामुळे पट्टीही तिथेच राहते. वर वीतभर टोक ठेवून कापतात आणि यंत्र पुढच्या जागी सरकतं.

१ मीटरच्या त्रिकोणी मांडणीत एका हेक्टरमध्ये सुमारे साडेअकरा हजार पट्ट्या बसतात. थर १० मीटरचा असेल, तर एका हेक्टरखाली जवळपास ११५ किलोमीटर लांबीची पट्टी गाडलेली असते.

इथे एक मेख आहे. नळी आत-बाहेर होताना आजूबाजूची माती लिंपल्यासारखी होते आणि तिच्यातून पाणी आणखी हळू जातं. त्यामुळे कागदावरचे ८ महिने प्रत्यक्षात १० महिने होऊ शकतात. चांगला डिझायनर हे आधीच धरून चालतो.

गरजेपेक्षा जास्त ओझं का ठेवतात?

पट्ट्या स्वतः पाणी ओढत नाहीत. त्या फक्त वाट देतात. पाण्याला ढकलायला वरून वजन लागतं, आणि ते शेवटी येणाऱ्या भारापेक्षा जास्त ठेवतात. या जादा ओझ्याला सरचार्ज म्हणतात.

आपल्याच उदाहरणात हिशोब करू. यार्डात कायमचा भराव २ मीटर उंच राहणार आहे. मुरूम घनमीटरला साधारण २ टन धरला, तर त्याचा भार ४ टन. वर चार कंटेनरचे ४ टन. एकूण प्रत्येक चौरस मीटरवर ८ टन. या भाराखाली आपला १० मीटरचा थर शेवटी सुमारे १.५६ मीटर खचेल. म्हणजे जवळपास माणसाच्या उंचीइतका!

आता २ मीटरऐवजी तात्पुरता ५ मीटर भराव टाकला. भार झाला १० टन. या भाराखाली थर शेवटी १.७५ मीटर खचायला निघेल. पण आपल्याला शेवटपर्यंत थांबायचं नाही. त्याचं ९० टक्के खचणं झालं, की ते होतं १.५७ मीटर. म्हणजे ८ टनांखाली जेवढं खचायचं होतं, तेवढं आत्ताच उरकलं. आता वरचा ३ मीटर मुरूम काढून हायवात भरायचा आणि पुढच्या पट्ट्यावर न्यायचा. पुढे कंटेनर आले, तरी मातीला वाटतं की यापेक्षा जास्त ओझं तर आपण आधीच पेललंय. मग ती फारशी हलत नाही.

भराव स्वतःही चिखलाबरोबर खाली जातो, हे मात्र विसरून चालत नाही. दीड मीटर जमीन खचणार असेल, तर हवी ती पातळी गाठायला तेवढा मुरूम जास्त आणावा लागतो. मुरमाचा हिशोब चुकण्याचं हे नेहमीचं कारण.

पाच मीटर भराव एकदम टाकला तर?

तर तो चिखलात बुडेल. कच्च्या मरीन क्लेची ताकद चौरस मीटरला १ टन असेल, तर ती जास्तीत जास्त ५ टनांच्या आसपास भार सोसते. म्हणजे अडीच मीटर भराव झाला की खेळ खल्लास. भरावाखालचा चिखल बाजूला सरकतो आणि काही अंतरावर जमीन लाटेसारखी वर उठते. या सरकणाऱ्या मातीबरोबर पट्ट्याही तुटतात. म्हणजे केलेलं कामही वाया.

म्हणून भराव टप्प्याटप्प्याने चढवतात. आधी दीड मीटर टाकून थांबतात. पाणी निघालं की माती घट्ट होते आणि तिची ताकद वाढते. किती? तर कणांनी पेललेल्या भाराच्या साधारण पाव ते पाचवा भाग. मग दुसरा टप्पा, पुन्हा थांबणं, मग तिसरा. त्यामुळे ८-१० महिन्यांचं काम वर्षाच्याही पुढे जाऊ शकतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, साइटवर मुरमाचे ढिगारे नुसते पडून आहेत. खरं तर काम तेव्हाच चाललेलं असतं.

काम झालं हे कसं कळतं?

भराव टाकण्याआधीच जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवतात. तिला जोडलेला दांडा भरावातून वर काढतात आणि त्याची पातळी नियमित मोजतात. आपल्या उदाहरणात सगळा भराव एकदम चढला असं सोयीसाठी धरू. मग पहिल्या महिन्यात जमीन ४४ सेंटिमीटर खचेल, दुसऱ्यात ३३, तिसऱ्यात २५ आणि चौथ्यात १८.

यात एक लय दिसते. प्रत्येक महिन्याचं खचणं आधीच्या महिन्याच्या पाऊणपट आहे. असं असेल, तर शेवटी एकूण किती खचणार हे आत्ताच सांगता येतं. ते पहिल्या महिन्याच्या चौपट, म्हणजे सुमारे १७५ सेंटिमीटर. हीच कल्पना वापरून जपानच्या असाओका यांनी १९७८ मध्ये आलेखाची एक सोपी पद्धत दिली. अशा कामांत ती आजही वापरतात. प्रयोगशाळेतल्या अंदाजापेक्षा जमिनीने स्वतः दिलेले हे आकडे जास्त विश्वासाचे.

पण फक्त खचणं मोजून भागत नाही. खचणं थांबण्याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे माती खरोखर घट्ट झाली. दुसरं म्हणजे पट्ट्या मुडपल्या किंवा त्यांचं कापड गाळाने बंद झालं आणि पाणी आतच अडकलं. हा फरक ओळखायला चिखलाच्या पोटात पाण्याचा दाब मोजणारं उपकरण, पिझोमीटर, बसवतात. खचणं थांबलं आणि पाण्याचा जादा दाबही उतरला, तर काम झालं. खचणं थांबलं पण दाब तसाच आहे, तर काहीतरी बिघडलंय.

आणि तारीख गाठायची म्हणून भराव आधीच काढला तर? आपल्या उदाहरणात पाचव्या महिन्याअखेर १३३ सेंटिमीटर खचलेलं असतं. गरज १५६ ची. राहिलेले २३ सेंटिमीटर मग कंटेनर ठेवल्यावर आणि काँक्रीट झाल्यावर खचतात, आणि तेही सगळीकडे सारखे नाहीत. जहाज लागतं तो धक्का खोल खांबांवर उभा असल्याने जागचा हलत नाही, मागचं यार्ड मात्र खाली जातं. खाडीवरच्या अनेक पुलांवर गाडी चढताना बसणारा गचका याच प्रकारातला असतो. पूल पायल्सवर, आणि त्याला जोडणारा भराव खचणाऱ्या मातीवर.

मग स्टोन कॉलम कुठे?

काही ठिकाणी थांबायला वेळ नसतो, किंवा टाकीसारखा भार लवकर चढवायचा असतो. तिथे पट्टीऐवजी दगडाचा खांब करतात. जमिनीत थरथरणारं अवजड यंत्र घालून भोक पाडतात, त्यात खडी टाकतात आणि तेच यंत्र ती खडी ठोकत वर येतं. साधारण ९० सेंटिमीटर व्यासाचे असे खांब २ मीटर अंतरावर केले, तर सुमारे १८ टक्के चिखलाच्या जागी दगड येतो. दगड चिखलापेक्षा कडक असल्याने तो भाराचा मोठा वाटा स्वतःवर घेतो. शिवाय खडीतून पाणीही निघतं.

पण या खांबात सिमेंट नसतं. खडीला आवळून धरायचं काम आजूबाजूचा चिखलच करतो. चिखल फारच पातळ असेल, तर खांब वरच्या काही मीटरमध्ये पोट सुटल्यासारखा फुगतो आणि भार घेत नाही. त्यामुळे खचणं कमी होतं, बंद होत नाही. आपल्याकडे दोन्ही पद्धतींसाठी आयएस १५२८४ हे मानक आहे. त्याचा २००३ चा पहिला भाग स्टोन कॉलमवर आणि २००४ चा दुसरा भाग उभ्या ड्रेनवर.

पट्ट्या जिथपर्यंत, उपाय तिथपर्यंत

या पद्धतीची मर्यादा जगाला दाखवली जपानच्या कान्साई विमानतळाने. ओसाकाच्या समुद्रात बेट तयार करून बांधलेला हा विमानतळ १९९४ मध्ये सुरू झाला. समुद्रतळाच्या वरच्या सुमारे २० मीटर मऊ थरात वाळूचे उभे ड्रेन घातले होते. तो थर ठरल्याप्रमाणे लवकर घट्ट झाला. पण त्याच्या खूप खाली चिकणमातीचे आणखी जुने, जाड थर होते आणि तिथपर्यंत ड्रेन पोहोचलेच नव्हते. ते थर बेटाच्या वजनाने आजही हळूहळू दबतायत. पहिलं बेट बांधकामाच्या सुरुवातीपासून १३ मीटरहून जास्त खचलंय.

नाशिककरांना याचा काय उपयोग?

नाशिकची काळी माती मरीन क्लेसारखी कायम पाण्याने भरलेली नसते. तिची खोड वेगळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यात पट्ट्या घालून आणि वर ओझं ठेवून ही खोड जात नाही. पण बऱ्याच ठिकाणी काही फुटांखाली मुरूम आणि मग बेसाल्ट लागतो. त्यामुळे इथला नेहमीचा उपाय म्हणजे काळी माती काढून मुरमापर्यंत पाया नेणं.

इथे कामाला येतं ते कॉम्पॅक्शन. गंगापूर धरणाची भिंत मातीची आहे आणि अशी भिंत उभी राहते ती थराथराने माती दाबूनच. दिंडोरी रोडवरच्या ‘मेरी’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, मातीच्या अशा चाचण्या होतात.

त्यामुळे नाल्याकाठचा किंवा जुन्या खाणीचा भरलेला प्लॉट घेत असाल, तर दोन प्रश्न विचारा. भराव कशाचा आहे, मुरमाचा की काळ्या मातीचा आणि राड्यारोड्याचा? आणि तो वीतभर थर टाकत, पाणी मारत, रोलर फिरवत केला की डंपरने एकदम ओतून वरून फक्त सपाट केला? थराथराने केला असेल, तर प्रत्येक थराच्या घनतेचे चाचणी अहवाल असतात. ते मागून घ्या. एकदम ओतलेल्या भरावाला वरून कितीही रोलर फिरवला, तरी दणका वरच्या एक-दोन फुटांपर्यंतच पोहोचतो. खालचा भराव पोकळच राहतो आणि तो खचायला लागतो दोन-तीन पावसाळ्यांनंतर, म्हणजे घर बांधून झाल्यावर.